एक टीव्ही, चार कंट्रोलर आणि घरातली सगळी वयं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले बहुतेक प्रश्न एकाच प्रसंगाभोवतीचे आहेत. सात माणसं जमली आहेत, सगळ्यांत लहान सहा वर्षांचं, सगळ्यांत मोठी आजी सत्तरीची, आणि मधे किशोरवयीन मुलं व त्यांचे आईवडील. टीव्ही एकच आहे आणि कंट्रोलर चार. सगळ्यांना खरोखर खेळायला मिळायला हवं, नुसतं बघत बसायला नाही.

लहान मूल आणि आजी एकत्र खेळू शकतील असा गेम ओळखायचा कसा?

गेमच्या खोक्यावरचं वय इथे फारसं उपयोगाचं नाही. ते रेटिंग गेममध्ये काय दाखवलंय ते सांगतं. हिंसा आहे का, भाषा कशी आहे, एवढंच. गेम हाताला किती अवघड जाईल याचा त्यात पत्ता नसतो. तीन वर्षांपुढच्या सर्वांसाठी असं लिहिलेला गेमही नवख्या माणसाला दोन मिनिटांत हैराण करू शकतो.

पहिली गोष्ट बघा ती म्हणजे कॅमेरा कोण हलवतो. डाव्या स्टिकने चालायचं आणि त्याच वेळी उजव्या स्टिकने मान फिरवायची, हे रोज खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, पण ज्याने कंट्रोलर कधी धरलेला नाही त्याच्यासाठी हीच खरी भिंत असते. असा माणूस बहुतेक वेळा आभाळाकडे किंवा जमिनीकडे बघत उभा राहतो आणि थोड्या वेळाने 'तुम्हीच खेळा' म्हणून कंट्रोलर परत करतो. कॅमेरा स्थिर असेल किंवा आपोआप हलत असेल तर निम्मी अडचण तिथेच संपते.

दुसरी गोष्ट, चूक झाल्यावर काय होतं. चुकणारा खेळाडू बाहेर बसत असेल तर सगळ्यांत कच्चा माणूस सगळ्यांत कमी खेळणार, म्हणजे शिकणारही सगळ्यांत कमी. तिसरी गोष्ट, वाचावं किती लागतं आणि किती पटकन. सहा वर्षांच्या मुलाला आणि चष्मा शोधणाऱ्या आजीला, दोघांनाही पडद्यावरचा बारीक मजकूर सारखाच नकोसा असतो.

या कसोट्या लावल्या की काही गाजलेले गेम आपोआप बाजूला पडतात. 'इट टेक्स टू' हा जोडीने खेळायचा अप्रतिम गेम आहे, पण तो दोघांचाच आहे आणि दोन्ही स्टिकवर चालतो. सात जणांच्या बैठकीत तो काढू नका.

मग सुरुवात कशाने करावी?

हातात चार कंट्रोलर असतील तर 'ओव्हरकुक्ड'ने. त्याची 'ऑल यू कॅन ईट' आवृत्ती घेतली तर पहिल्या दोन्ही भागांच्या लेव्हल एकत्र मिळतात आणि मदतीचा 'Assist Mode' मिळतो. चौघं मिळून एक स्वयंपाकघर चालवतात. कॅमेरा वरून असतो आणि स्वतःचा स्वतः सांभाळतो. एक स्टिक चालायला, एक बटण उचलायला-ठेवायला, एक बटण चिरायला; सुरुवातीला एवढंच पुरतं. धावण्याचं वेगळं बटण आहे, पण ते पहिला अर्धा तास कुणालाही सांगू नका. धावणारा माणूस समोरच्याला ढकलतो, आणि ढकलली जाते ती नेमकी नवखी व्यक्ती.

खेळ सुरू करण्याआधी 'Assist Mode' चालू करा. त्यात लेव्हलला जास्त वेळ मिळतो, ऑर्डर उशिरा रद्द होतात आणि प्रत्येक पदार्थाला जास्त गुण मिळतात. किशोरवयीन मुलं याला हरकत घेतील. त्यांना सांगायचं, आधी सगळ्यांचे हात बसू देत, मग तो बंद करू.

पण 'ओव्हरकुक्ड'मध्ये तर भांडणं होतात, नाही का?

होतात, आणि त्याचं कारण ठरलेलं आहे. चौघंही सगळीच कामं करायला जातात. एक कांदा दोघं उचलायला धावतात, भांडं कुणाचंच नसतं आणि शेगडी पेटते. कामं आधी वाटली तर हाच गेम शांतपणे चालतो.

पहिल्या भागातली सुरुवातीची कांद्याच्या सूपची लेव्हल घ्या. एका सूपला तीन कांदे लागतात. प्रत्येक कांदा पेटीतून काढायचा, पाटावर ठेवायचा, चिरायचा आणि शेगडीवरच्या भांड्यात टाकायचा. तिन्ही शिजले की सूप ताटलीत ओतायचं आणि खिडकीत नेऊन द्यायचं. यातली कामं अवघडपणात अजिबात सारखी नाहीत, आणि आपल्याला तेच हवंय.

पेटीतून कांदा काढून पाटावर ठेवणं हे सहा वर्षांच्या मुलाचं काम. त्याला एकच बटण लागतं, रस्ता ठरलेला असतो आणि चूक झाली तरी फार तर कांदा जमिनीवर पडतो. चिरणं आजीला द्या. चिरण्याचं बटण एकदाच दाबायचं असतं. पाटासमोर उभं राहिलं की शेफ आपण होऊन चिरत राहतो, आणि मधे सरकलात तरी झालेलं काम वाया जात नाही, परत येऊन दाबलं की पुढे सुरू होतं. घाई नसलेलं, तरीही ज्यावाचून सगळं अडतं असं हे काम आहे. भांडं सांभाळणं किशोरवयीन मुलाकडे, कारण तिथे लक्ष लागतं. सूप तयार झाल्यावर भांडं तसंच राहिलं तर आधी धोक्याची खूण लुकलुकते, आवाज येतो आणि मग आग लागते. आग शेजारच्या ओट्यांवर पसरते आणि मग अग्निशामक नळकांडं शोधण्यात उरलेला वेळ जातो. चौथ्या माणसाने पडद्याच्या वरच्या बाजूला येणाऱ्या ऑर्डर मोठ्याने वाचायच्या, ताटल्या भरायच्या आणि द्यायच्या.

दोन-तीन फेऱ्यांनंतर प्रत्येकाने शेजारचं काम घ्यायचं. मुलगा चिरायला येतो, आजी ताटल्यांवर जाते. इथे एक सवय लावून घ्या: माणसाचं नाव घेऊन ओरडायचं नाही, वस्तूचं नाव घ्यायचं. 'आजी, अगं लवकर!' याने काहीच कळत नाही. 'दोन कांदे हवेत' म्हटलं की काय करायचं ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

जमिनीवर दोन शेफ एकमेकांना अडत असतील तर कांदेवाला आणि चिरणारा यांच्यामध्ये रिकामा ओटा ठेवा. एकाने तिथे ठेवायचं, दुसऱ्याने तिथून उचलायचं. दोघांचे रस्ते एकमेकांना छेदत नाहीत आणि निम्मी आरडाओरड बंद होते.

पडद्यावर 'मी कुठला?' हे आजीला सापडतच नाही. काय करावं?

हा प्रश्न जितका वाटतो त्याहून मोठा आहे. नवख्या माणसाचा खेळ बिघडतो तो बहुतेक वेळा आपलं पात्र हरवल्यामुळे. तो दुसऱ्याच्याच शेफकडे बघत स्टिक फिरवत राहतो आणि कंट्रोलर बिघडलाय असं समजतो.

प्रत्येक खेळाडूला गेम एक रंग देतो. त्याच रंगाची चिकटपट्टी किंवा रबरबँड कंट्रोलरला लावा. पात्रं निवडताना एकमेकांपासून अगदी वेगळी निवडा: एक माणूस, एक प्राणी, एक मोठ्या टोपीवाला. लेव्हल सुरू झाली की पहिले पाच सेकंद प्रत्येकाने फक्त गोल फिरून दाखवायचं. हरवलेला माणूसही पुन्हा असाच सापडतो: थांबायचं, स्टिक गोल फिरवायची आणि पडद्यावर कोण गोल फिरतंय ते बघायचं.

शर्यतीच्या गेममध्ये लहान मूल सारखं भिंतीवर आपटतं. त्यालाही मजा यावी यासाठी काय?

'मारिओ कार्ट ८ डिलक्स'मध्ये यासाठी नेमकी सोय आहे. गाडी निवडायच्या पडद्यावर + बटण दाबलं की त्या खेळाडूपुरत्या तीन सोयी दिसतात. एक, गाडीला रस्त्याबाहेर जाऊ न देणारी. दुसरी, गाडी आपोआप पुढे नेणारी. तिसरी, कंट्रोलर तिरपा करून वळवायची. सहा वर्षांच्या मुलाला पहिल्या दोन लावून द्या. मग त्याने फक्त दिशा दिली आणि वस्तू फेकायचं बटण दाबलं तरी तो शर्यत पूर्ण करतो, आणि मधेच कुणाला तरी कवच मारून पुढेही जातो. तिसरी सोय मात्र बंद ठेवा. मुलं उत्साहात सगळं अंगच तिरपं करतात आणि गाडी भलतीकडेच जाते.

याची दुसरी बाजूही माहीत हवी. रस्त्यावर ठेवणारी सोय मुळात चालूच असते, आणि ती चालू असली की काही आडवाटा घेता येत नाहीत, लांब घसरल्यावर मिळणारा सर्वांत मोठा वेगाचा झटकाही मिळत नाही. किशोरवयीन मुलगा 'गाडी माझं ऐकतच नाही' म्हणून वैतागला असेल तर त्याच्या गाडीच्या मागे बघा. छोटा अँटेना दिसला की समजायचं, सोय चालू राहिली आहे.

सात माणसांत कंट्रोलर फिरतात तेव्हा इथेच गोंधळ होतो. ही सोय माणसामागे जात नाही, त्या क्रमांकाच्या खेळाडूला चिकटून राहते. दादाचा कंट्रोलर छोटीच्या हातात आला की ती एकदम खड्ड्यात. म्हणून चारपैकी दोन कंट्रोलर कायम मदतवाले ठेवा, दोन बिनमदतीचे, आणि त्यांवर खूण करा. वेगाचं म्हणाल तर मिश्र वयांसाठी १०० सीसी ठीक. ५० सीसी मोठ्यांना कंटाळवाणं होतं, १५० सीसीला संगणकाच्या गाड्या नवख्याला मागे टाकून जातात.

कंट्रोलर चार, माणसं सात. पाळ्या कशा लावाव्या?

'हरला तो उठला' हा नियम नको. त्यात चांगला खेळणारा अख्खी संध्याकाळ बसून राहतो आणि जो कच्चा आहे त्याला सर्वांत कमी वेळ मिळतो. त्याऐवजी चक्र लावा.

सात नावं एका कागदावर एकाखाली एक लिहा. पहिले चार खेळतात. प्रत्येक शर्यत किंवा लेव्हल संपली की सर्वांत जास्त वेळ बसलेला एक उठतो आणि यादीतला पुढचा एक बसतो. दुसऱ्या फेरीत दोन ते पाच, तिसऱ्या फेरीत तीन ते सहा, आणि सातव्या नावानंतर पुन्हा पहिलं. सात फेऱ्यांत प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर चार फेऱ्या येतात आणि तीन फेऱ्या विश्रांती. एका वेळी एकच माणूस बदलतो, त्यामुळे बाकीच्या तिघांची घडी मोडत नाही आणि नव्याला सांगायला कुणीतरी जागेवर असतं. यादी लिहिताना सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांच्यात दोन-तीन नावं सोडा, म्हणजे बहुतेक फेऱ्यांत चौघांमध्ये हाताने तयार असलेला एखादा तरी असतो.

पाळी बदलायची ती एकच फेरी झाल्यावर. दीर्घ स्पर्धा लावली की बाहेर बसलेली मुलं वीस मिनिटं ताटकळतात आणि मग फोन बाहेर येतो.

धावत-उड्या मारत जायचे गेम मिश्र वयात चालतात का?

'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर' चालतो, चार जणांपर्यंत. २०२३ मध्ये आलेल्या या गेममध्ये खेळाडू एकमेकांना धडकत नाहीत, त्यामुळे अरुंद फळीवर कुणी कुणाला खाली पाडत नाही. जुन्या भागांमध्ये घरातली अर्धी भांडणं तिथूनच सुरू व्हायची.

लहानांना योशी किंवा नॅबिट घ्यायला लावा. या पात्रांना शत्रूचा मार लागत नाही. शिवाय योशीच्या पाठीवर दुसरा खेळाडू बसू शकतो, म्हणजे अवघड उडीच्या वेळी मोठ्या योशीने लहानाला घेऊन पलीकडे जायचं. फक्त हे आधी सांगा की खड्ड्यात आणि लाव्ह्यात योशीही पडतोच. 'मला मार लागत नाही म्हणालात ना!' म्हणून रडू येण्याआधी हे स्पष्ट झालेलं बरं. पडलेला खेळाडू पाच सेकंदांसाठी भूत होतो आणि तेवढ्यात जोडीदाराला शिवला तर परत जिवंत होतो. यासाठी मोठ्याने पुढे पळायचं नाही, भुताजवळ थांबायचं.

अडचण येते ती कॅमेऱ्याची. पडदा सगळ्यांसाठी एकच आहे, आणि तो मुकुट असलेल्या खेळाडूमागे जातो. तो सुसाट निघाला की मागचे पडद्याबाहेर राहतात आणि भूत होतात. मुकुट ज्याच्याकडे असेल त्याने वेग सर्वांत मागच्या माणसाचा ठेवायचा, हे आधीच ठरवून घ्या.

कंट्रोलर धरायचाच नाही असं कुणी म्हणत असेल तर?

'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स' काढा. एकाच माणसाच्या हातात कंट्रोलर असतो, त्याला पडद्यावर बॉम्ब दिसतो. बाकीच्यांच्या हातात पुस्तिका असते आणि बॉम्ब दिसत नाही. पुस्तिका bombmanual.com वर मोफत मिळते. २३ पानं आहेत. छापून सुटी करा आणि वाटा.

बसण्याची मांडणी अशी: कंट्रोलरवाला टीव्हीकडे तोंड करून, पुस्तिकावाले टीव्हीकडे पाठ करून. पहिल्या बॉम्बवर तीन भाग आणि पाच मिनिटं असतात. तारांचा नियम वानगीदाखल बघा. तीन तारा असतील तर: लाल तार एकही नसेल तर दुसरी कापा, नाहीतर शेवटची पांढरी असेल तर शेवटची कापा, नाहीतर निळ्या एकाहून जास्त असतील तर शेवटची निळी कापा, यातलं काहीच नसेल तर शेवटची कापा. नियम वरून खाली याच क्रमाने तपासायचे आणि पहिला जुळला की थांबायचं. बहुतेक स्फोट होतात ते मधला नियम आधी वाचल्यामुळे. समजा तारा निळी, लाल, निळी आहेत. लाल आहे, म्हणून पहिला नियम गेला. शेवटची पांढरी नाही, दुसराही गेला. निळ्या दोन आहेत, म्हणून शेवटची निळी, म्हणजेच तिसरी तार.

वाचता न येणाऱ्या मुलासाठी चिन्हांचा भाग राखून ठेवा. बॉम्बवर चार विचित्र चिन्हं असतात, पुस्तिकेत चिन्हांचे उभे रकाने. चारही चिन्हं एकाच रकान्यात सापडतात, आणि त्या रकान्यात ती वरून खाली ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने दाबायची. कंट्रोलरवाला 'उलटा प्रश्नचिन्हासारखा काहीतरी' म्हणतो आणि आजी व नात मिळून कागदावर बोटाने शोधतात. वेगवान बोटांची इथे गरजच नाही.

पुस्तिका इंग्रजीत असेल तर एका माणसाने नियम मराठीत सांगायचे. वेळ कमी पडतो असं वाटलं तर त्याने ती पानं आधी एकदा वाचून ठेवावीत. आणि बाहेर बसलेल्यांनी उत्तर ओरडायचं नाही. त्यांना दोन्ही बाजू दिसत असतात.

फोनच कंट्रोलर होतो ते गेम कसे?

'जॅकबॉक्स'चे संच आठ जणांपर्यंत चालतात. टीव्हीवर चार अक्षरी कोड येतो, प्रत्येकजण फोनवर jackbox.tv उघडून तो टाकतो. फोनला इंटरनेट पुरतं, सगळे एकाच वायफायवर असायची गरज नाही. मात्र हे गेम मराठीत नाहीत आणि त्यांतले विनोद शब्दांवर चालतात, म्हणून इंग्रजी पटकन न वाचणारी माणसं बाजूला पडतात. त्यातल्या त्यात चित्र काढायचा 'ड्रॉफुल' बरा, आणि तोही दोघांत एक फोन देऊन. सेटिंगमध्ये घरगुती मजकुराची निवड असेल तर ती आधी चालू करा.

बटण दाबलं की पात्र उशिरा उडी मारतं. कंट्रोलर खराब आहे का?

बहुधा टीव्हीमुळे होतं. चित्र सुंदर दिसावं म्हणून टीव्ही प्रत्येक फ्रेमवर काम करतो आणि त्यात वेळ जातो. चित्राच्या सेटिंगमध्ये 'Game Mode' चालू करा. काही टीव्हींवर तो प्रत्येक HDMI जोडणीसाठी वेगळा लावावा लागतो, म्हणून कन्सोल ज्या जोडणीत आहे तीच निवडून लावा. लावल्यावर रंग थोडे फिके वाटतील, वाटू देत.

पडद्याच्या कडा कापल्या जात असतील, म्हणजे कोपऱ्यातल्या ऑर्डर किंवा घड्याळ अर्धवट दिसत असेल, तर चित्राचा आकार 'Just Scan' किंवा 'Screen Fit' असा करा. नाव कंपनीगणिक बदलतं. हे तपासल्याशिवाय चौघांत पडदा वाटू नका. ४३ इंची टीव्हीचे चार भाग केले की प्रत्येकाच्या वाट्याला साडेएकवीस इंच येतात, त्यात कडा गेल्या तर काहीच उरत नाही. शर्यत लावली की चौघांनी टीव्हीच्या जवळ, एका ओळीत बसावं.

निन्टेन्डो स्विचच्या एका जॉय-कॉन जोडीवर दोघं खेळू शकतात म्हणतात, पण गेम एकच खेळाडू दाखवतो. का?

जोडणी चुकीच्या पद्धतीने झाली आहे. होम पडद्यावरून 'Controllers' मध्ये जा, 'Change Grip/Order' निवडा. आता प्रत्येकाने आपला जॉय-कॉन आडवा धरून पट्टीच्या बाजूची दोन छोटी बटणं, SL आणि SR, एकत्र दाबायची. उभ्या बाजूची L आणि R दाबली तर दोन्ही मिळून एकच कंट्रोलर धरला जातो. ज्या क्रमाने दाबाल त्या क्रमाने खेळाडू क्रमांक पडतात, म्हणून मदतवाली जागा ज्याला हवी त्याने ठरलेल्या क्रमानेच दाबावं.

आडवा जॉय-कॉन मोठ्या हातात फार लहान पडतो आणि SL-SR बोटांना सापडत नाहीत. तो लहान मुलांना द्या, पूर्ण आकाराचा कंट्रोलर आजीआजोबांना. सोबतची मनगटाची पट्टी सरकवून लावली की ती छोटी बटणं जाड होतात आणि दाबायला बरीच सोपी जातात.

आजोबांना पहिल्यांदा कंट्रोलर दिला तर काय शिकवावं?

फक्त डावी स्टिक. रिकाम्या जागेत दोन मिनिटं चालू द्या. मग एक बटण, आणि त्याचं नाव अक्षराने सांगू नका. 'खालचं' किंवा 'उजवीकडचं' असं सांगा, कारण खाली बघून अक्षर वाचण्यात त्यांची नजर पडद्यावरून सुटते. अडले तर कंट्रोलर हातातून घेऊन दाखवू नका, स्वतःच्या कंट्रोलरवर शेजारी बसून दाखवा. एकदा काढून घेतलेला कंट्रोलर ते सहसा परत मागत नाहीत.